पहिल्या दिवशी नव्या मुलींना ओळख करून द्यायला लावायची का?

नवी प्रशिक्षक
सोमवारपासून आमच्या खो-खोच्या मुलींचं उन्हाळी शिबिर सुरू होतंय. जुन्या १५, नव्या ९, वयं ११ ते १५. मी आजवर नुसती खेळत होते, शिकवायला यंदाच उभी राहतेय. गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी नव्या मुलींना गोलात उभं करून नाव, शाळा आणि राहायला कुठे ते सांगायला लावलं होतं. पंधरा दिवसांत त्यातल्या निम्म्या यायच्या बंद झाल्या. यंदा स्वागत कसं करू? मैदानाच्या आसपासचे लोक इथे आहेत म्हणून विचारतेय.

जुना क्रीडाशिक्षक
ताई, स्वागत वगैरे काही करू नका. आमच्या वेळी नवा मुलगा आला की त्याच्या हातात पाण्याची झारी द्यायचो. मैदानावर पाणी मारायचं, खडे वेचायचे, फक्कीनं रेषा आखायच्या. अर्ध्या तासात जुन्यांच्या घामात त्याचा घाम मिसळायचा. नावं आपोआप कळायची. नव्यांना वेगळं उभं केलंत की ‘ह्या नव्या’ हा शिक्का तुम्हीच मारता, मग तो पुसायला वर्ष जातं. मी ३० वर्षं शाळेत खो-खो घेतला, एकदाही ओळख-परेड केली नाही.

माजी कर्णधार
सरांचं वेगळं उभं न करण्याबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण नावं आपोआप कळतात, हे मुलींच्या संघात तरी मी कधी पाहिलं नाही. आपोआप पडतात ती टोपणनावं. एका हंगामात आमच्याकडे तीन साक्षी होत्या. आठवड्यात त्यांच्या ‘मोठी साक्षी’, ‘जाडी साक्षी’ आणि ‘ती येरवड्याची’ झाल्या. तिसरीचं तर नावच गेलं. ती डिसेंबरपर्यंत खेळली. पण तिला हाक मारायची वेळ आली की जुन्या मुली क्षणभर अडखळायच्या आणि मग नुसतंच ‘ए’ म्हणायच्या.

गेल्या वर्षीच्या गोलात काय बिनसलं असेल, ते मला तुमच्या तीन प्रश्नांत दिसतं. शाळेचं नाव आलं की मराठी माध्यम, इंग्रजी माध्यम. राहायला कुठे म्हटलं की कोथरूड की पर्वती पायथा. आणि मुलगी पूर्ण नाव सांगते, त्यात आडनाव येतं. आपल्याकडे आडनावावरून लोक काय काय ओळखतात ते तुम्हाला सांगायला नको. ११ वर्षांच्या मुलीनं अजून एक खो दिलेला नसतो आणि २३ जणींनी तिला कुठल्या तरी कप्प्यात टाकलेलं असतं.

मी एवढंच करायचे. आदल्या दिवशी घरी फोन करून मुलीशीच बोलायचे आणि विचारायचे, ‘तुला मैदानावर काय नावानं हाक मारू?’ अर्जावरचं नाव आणि तिला आवडणारं नाव एक असतंच असं नाही. सोमवारी वीस मिनिटं आधी जाऊन फाटकाशी उभी राहायचे आणि जी येईल तिला त्याच नावानं हाक मारायचे. नवी असो, जुनी असो, हाक तशीच. सोबत एक जुनी खेळाडू उभी करायचे, ती नव्या मुलीला बॅग कुठे ठेवायची, पाणी कुठे, स्वच्छतागृह कुठे, एवढं दाखवून आणायची. हे शेवटचं विसरू नका. मुली लाजून विचारत नाहीत आणि दोन-दोन तास पाणी न पिता काढतात.

हौशी काका
फार छान उपक्रम! गुलाबाचं फूल आणि पेढा द्या. पालकांनाही बोलवा, एखाद्या मान्यवरांच्या हस्ते नारळ वाढवा. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत आपल्या मुलींनी खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकला, प्रियांका इंगळे कर्णधार होती, तिचा फोटो लावा. मुलांना स्फूर्ती मिळते.

नवी प्रशिक्षक
काका, उद्घाटनाचं क्लबवाले बघतील. मला त्यानंतरच्या अर्ध्या तासाची काळजी आहे. ताई, फोनचं लगेच करते. पण मैदानात उतरल्यावर पुढे काय? जुन्या मुली जुन्यांशीच खेळतात.

हिंजवडीचा एचआर
कॉलेजात खो-खो खेळलोय आणि आता कंपनीत नव्या लोकांचा पहिला दिवस मीच बघतो, म्हणून लिहितो. उत्तर खेळातच आहे. एका चौरसात जुनी, पुढच्यात नवी, अशा आठ जणी बसवा. शेजारच्या दोघींची तोंडं उलट दिशांना असतात. म्हणजे चारही नव्या एका बाजूला बघणार आणि चारही जुन्या दुसऱ्या. पाठलाग करणारीला मधली रेषा ओलांडता येत नाही आणि खो पाठीमागूनच द्यायचा. त्यामुळे जुनीचा खो नवीलाच जाणार आणि नवीचा जुनीलाच. एक शब्द न बोलता ओळख. शिबिरभर हेच ठेवा, प्रश्न मिटला.

माजी कर्णधार
कल्पना सुंदर आहे, मीही वापरते. पण ती शिबिरभर काय, पाच मिनिटंसुद्धा टिकत नाही. खो देणारी त्याच चौरसात बसते ना! पाठलाग करणारी जुनी आहे असं धरा. तिनं पहिल्या नवीला खो दिला आणि तिच्या जागी बसली. नवी उठून पलीकडे पळाली, तिनं एका जुनीला खो दिला आणि तिच्या जागी बसली. आता ही उठलेली जुनी ज्या बाजूला आली, तिथे तिच्याकडे पाठ करून तीन नव्या आणि एक जुनी आहे. ती बहुतेक वेळा त्या जुनीलाच खो देते, कारण तिचा वेग तिला माहीत असतो. तिथून जुन्यांचा आपापसात खेळ सुरू. सक्तीचे खो म्हणाल तर पहिले दोनच.

म्हणूनच त्यानंतर मोजायला लागते. बाहेर बसलेल्या मुलीच्या हातात वही द्यायची आणि प्रत्येक बसलेलीच्या नावापुढे, तिला खो मिळाला की एक रेघ ओढायला सांगायची. एका हंगामात पाच मिनिटांच्या पहिल्या फेरीत एका नवीला एकच खो मिळाला होता. तोही तो पहिला, सक्तीचा. तिच्या शेजारून जुन्या पुढे निघून जात होत्या. कोणी तिला टोचून बोललं नव्हतं, फाटकाशी तिचं नाव घेऊन मीच हाक मारली होती, सगळं गोड होतं. आणि तरी ती मैदानाच्या मधोमध पाच मिनिटं रिकामी बसली होती. फेरी संपल्यावर मी कोणालाही रागावले नाही. एवढंच सांगितलं, की पुढच्या फेरीत आठही जणींना खो मिळाल्याशिवाय कोणालाही दुसऱ्यांदा खो द्यायचा नाही.

दुसरी खूण आवाजाची. पाठीला हात आणि ‘खो’ एकाच वेळी, आणि मोठ्यानं. नव्या मुली हात लावतात, पण ‘खो’ ओठातल्या ओठात म्हणतात. ती लाज आहे, तंत्राची चूक नाही. तिथे ‘आवाज!’ म्हणून ओरडलात तर राहिलेला आवाजही जातो. मी जुनीला उलटं सांगते, की नवीचा खो ऐकू आला नाही तरी हाताचा स्पर्श झाला की ऊठ आणि तिला वळून सांग, ‘मिळाला.’ सामन्यात हे चालणार नाही, पण पहिला आठवडा चालवा.

जुना क्रीडाशिक्षक
इथे मला गंभीर हरकत आहे. पहिल्याच दिवशी, ज्या मुलीला उकिडवं बसून झटक्यात उठता येत नाही, तिला चौरसात बसवणार? वेगात येणारी मुलगी पाठीत हात घालते, नवी तोंडावर पडते. गुडघे फुटलेली मुलगी मंगळवारी येत नाही, तुमचं कितीही आपलेपण असलं तरी. आणि ज्या जुन्या वर्षभर राबल्या त्यांना ‘हिलाच खो दे’ म्हणून खेळ थांबवायला लावायचा, हे त्यांच्यावर अन्यायाचं आहे. आपलेपण खेळून कमवायचं असतं.

माजी कर्णधार
पडण्याबद्दल सर बरोबर आहेत, मी लिहायला हवं होतं. पळणाऱ्या मुली उतरवायच्याच नाहीत. नुसता पाठलाग, तोही दुडक्या चालीनं, आणि आधी दहा मिनिटं बसण्या-उठण्याचा सराव. कमवण्याबद्दल मात्र माझं मत उलट आहे. खो मिळालाच नाही तर ती कमवणार कशावर?

एका खेळाडूची आई
माझी मुलगी तीन वर्षांपूर्वी एका क्लबात गेली. धाराशिवहून आम्ही नुकतेच आलो होतो. तिथे हिचा खो-खो चांगला होता, पण इथे तिच्या बोलण्यावर मुली हसायच्या. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी कौतुकानंच म्हटलं, ‘ही बघा धाराशिवची, सारिका काळेच्या गावची!’ अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडूचं नाव घेतलं, आम्हाला अभिमानच वाटला. पण त्या दिवसापासून ती बाद झाली की मुली म्हणायच्या, ‘अगं, तू तर धाराशिवची ना?’ दोन महिन्यांनी तिनं सोडलं. आता ती धावते, एकटीच. खरं सांगते, चारचौघांत कौतुकसुद्धा करू नका पहिल्या दिवशी.

हिंजवडीचा एचआर
आईंचं वाचून एक आठवलं. अमेरिकेत ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी २०११ मध्ये कॉलेजच्या नव्या विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यांनी स्वागत समारंभ केला नाही. सुरुवातीला आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं आणि ते हळूहळू जातं, हे आधीच्या विद्यार्थ्यांच्या अनुभवांतून नव्यांना दाखवलं. त्याचा चांगला परिणाम कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांवर पुढची तीन वर्षं दिसला. ते कॉलेज होतं, मैदान नव्हे, हे मान्य. पण ताईंनी नव्यांना बोलायला लावण्याऐवजी एका जुनीला बोलायला लावावं.

माजी कर्णधार
हे करा, फक्त बोलणारी संघातली सर्वांत चांगली खेळाडू नको. जिला पहिल्या वर्षी बारा जणींत जागा मिळाली नव्हती आणि तरी येत राहिली, ती. दोन मिनिटं बस. ‘मला महिनाभर खांबाला वळताच येत नव्हतं, घरी जाऊन रडायचे,’ इतकं साधं.

जुना क्रीडाशिक्षक
हे मात्र मीही करीन.

नवी प्रशिक्षक
मग असं ठरवतेय. आधी सगळ्या मिळून पाणी मारणार, सरांचं ऐकून, नव्या-जुन्या जोडीनं. मग बसण्या-उठण्याचा सराव, मग पाठलाग. पण माझ्याकडे नव्या ९ आहेत आणि जुनी-नवी बसवलं तर चारच बसतात. एक उरते, तिचं काय करू?

माजी कर्णधार
दोन फेऱ्या घ्या. पहिलीत चार नव्या, चार जुन्या बसलेल्या आणि पाठलागाला जुनी. दुसरीत उरलेल्या पाचांपैकी चार बसवा आणि पाचवीला पाठलाग सुरू करायला द्या. तेव्हा जुन्या मुलींची पाठ तिच्याकडे येईल असं बसवा, म्हणजे तिचा पहिला खो जुनीलाच जाईल. नऊच्या नऊ झाल्या. दोन फेऱ्यांत जुन्याही नऊच लागतात, उरलेल्या सहांच्या हातात वह्या द्या. पाचवी म्हणून सगळ्यांत लाजरी निवडू नका, जी फाटकाशी तुमच्याशी स्वतःहून बोलली ती निवडा.

जुना क्रीडाशिक्षक
वह्यांबद्दल माझं अजून एकमत नाही. मुलींना कळलं की मोजतायत, की त्या मोजणीसाठी खो देतील.

माजी कर्णधार
देतील, सर. पहिल्या आठवड्यात मला तेवढंही चालतं. दुसऱ्या आठवड्यात वही न दाखवता मोजते, आणि तो आकडा खाली आला की मला खरं कळतं.