अनुभव धागा : बॅचच्या ग्रुपवर शिष्यवृत्तीच्या शेवटच्या तारखेचा मेसेज, काय लिहिलं आणि काय राहून गेलं

ऐरोलीची सीआर

मी नवी मुंबईतल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. दोन वर्षं वर्गाची सीआर असल्यामुळे महाडीबीटीच्या फॉर्मची आठवण ग्रुपवर मीच टाकते. गेल्या वर्षी शेवटच्या तारखेच्या नऊ दिवस आधी मेसेज टाकला होता. त्यात अकरा कागदपत्रांची यादी होती, तारीख ठळक होती, खाली संपर्कासाठी माझं नाव होतं. चौसष्ट जणांनी वाचला, वीसएक जणांनी अंगठा दिला.

आमच्या वर्गातला एक मुलगा शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीला, म्हणजे सगळे ज्याला ईबीसी म्हणतात तिला, पूर्ण पात्र होता. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या बरंच खाली. यादी वाचून त्याने फोटो, गुणपत्रिका, रेशनकार्ड, अलॉटमेंट लेटर सगळं क्रमाने जमवलं. आठव्या नंबरवर उत्पन्नाचा दाखला होता. तिथे पोचला तेव्हा कळलं की हातातला दाखला ३१ मार्चलाच संपलाय. सेतूत अर्ज केला, पण दाखला आला तोवर फॉर्म बंद झाला होता. निम्मी ट्युशन फी माफ व्हायची ती त्याच्या वडिलांनी सोसायटीतून कर्ज काढून भरली.

माझ्या यादीतलं प्रत्येक कागदपत्र बरोबर होतं. पण मिळायला पंधरा दिवस लागतात तो दाखला मी आठवा लिहिला आणि पाच मिनिटांत निघणारा फोटो पहिला. हे मला अजून लागतं. यंदाचा मेसेज लिहायच्या आधी तुम्हा सगळ्यांचे अनुभव हवे आहेत. पाठवणाऱ्यांनी लिहा, ज्यांचं काही राहिलं त्यांनीही लिहा.

घणसोलीकर

माझंही दाखल्यावरच अडलं होतं, पण वेगळ्या कारणाने. बाबा रिक्षा चालवतात. मेसेजमध्ये 'उत्पन्न दाखल्यासाठी फॉर्म १६ किंवा पगारपत्रक' एवढंच होतं आणि आमच्याकडे त्यातलं काहीच नाही. मला वाटलं आपल्याला दाखला मिळतच नाही. चार दिवस गप्प बसलो. मग सेतूतल्या बाईंनी सांगितलं की तलाठ्याचा चौकशी अहवाल लागेल. बाबा एक दिवस धंदा सोडून तलाठी कार्यालयात गेले, साहेब बाहेर होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा. परमिट, रेशनकार्ड, लाइट बिल दाखवून अहवाल मिळाला आणि त्यानंतर कुठे अर्ज पुढे सरकला. ज्यांच्या घरी पगाराचा कागद नाही, त्यांच्यासाठी मेसेजमध्ये एक ओळ वेगळी हवी. ती असती तर ते चार दिवस वाचले असते.

कामोठे

आमच्या ग्रुपवर 'दाखला ठाणे तहसीलदारांचा' असं लिहिलं होतं. मी कामोठ्याची. ठाण्याला कोर्टनाक्यापर्यंत गेले, रांगेत उभी राहिले आणि तिथे कळलं की कामोठे पनवेल तालुक्यात, जिल्हा रायगड. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूरवाले ठाणे तालुक्यात येतात, खारघर-कामोठे-कळंबोलीवाले पनवेलमध्ये. पत्त्यात सगळेच नवी मुंबई लिहितात, त्यामुळे लिहिणाऱ्याच्या लक्षातच येत नाही. तालुक्याचं नाव न घालता 'आपापल्या तालुक्याच्या तहसीलदारांचा' असं लिहा.

कळव्याची आई

धागा विद्यार्थ्यांचा आहे, तरी लिहिते. माझी मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. मुलींची फी सरकारने माफ केली ना? मग तिने हा फॉर्म कशाला भरायचा? तिच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा ती म्हणाली, हा मुलांसाठी आहे. आम्ही भरला नाही. आता ऑफिसातून पूर्ण फीची मागणी आली आहे. बरोबर आहे का हे?

फॉर्म तपासणारा

मी ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळतो. आधी ताईंना सांगतो. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आणि कॅप फेरीतून प्रवेश घेतलेल्या पात्र मुलींना ट्युशन आणि परीक्षा फीमध्ये शंभर टक्के सवलत आहे, हे खरं. पण ती आपोआप लागत नाही. त्याच महाडीबीटीवर, त्याच योजनेतून, दरवर्षी फॉर्म भरावा लागतो. फॉर्म नसेल तर आमच्या हिशेबात ती मुलगी पूर्ण फीचीच. यंदाचा फॉर्म अजून उघडा असेल तर आजच भरायला बसा. मागच्या वर्षाचा अर्ज घेतात का ते कॉलेजात समक्ष विचारा, इथे मी ठाम शब्द देत नाही. मेसेज पाठवणाऱ्यांनो, 'मुलींनीही भरायचाच आहे' ही ओळ टाका. माझ्या टेबलावर ही एकच चूक दर आठवड्याला येते.

दुसरी गोष्ट शेवटच्या तारखेची. मुलं सबमिट करतात, अर्ज क्रमांक येतो, स्क्रीनशॉट ग्रुपवर पडतो आणि काम झालं असं वाटतं. तो अर्ज तेव्हा माझ्या लॉगिनला आलेला असतो. मी कागद उघडून बघतो, काही चुकलं असेल तर सेंड बॅक करतो. त्यानंतर मुलाने तो दुरुस्त करून पुन्हा सबमिट करायचा असतो. मी पुढे पाठवला की विभागाकडे जातो, तेही परत पाठवू शकतात. परत पाठवलेला अर्ज मुलाच्या लॉगिनमध्ये पडून राहतो. एसएमएसवर विसंबू नये, दर दोन-तीन दिवसांनी लॉगिन करून बघावं. माझ्याकडे सर्वात जास्त परत जातात ते अंधारात काढलेल्या दाखल्याच्या फोटोमुळे. बारकोड नंबर वाचताच येत नाही. फाइल २५६ केबीत बसवायला मुलं ती इतकी दाबतात की अक्षरं फुटतात. मोबाइलवर झूम करून नंबर स्वतःला वाचता आला, तर मलाही येईल.

डोंबिवली फास्ट, ठाण्याला उतरणारा

बँकेचं सोपं आहे. शाखेत जाऊन खात्याला आधार लिंक करून घ्या, पैसे येतात. माझे आले.

फॉर्म तपासणारा

तुमचे आले हे चांगलंच झालं, पण सगळ्यांचं तसं होत नाही. केवायसीसाठी खात्याला आधार जोडणं वेगळं आणि थेट लाभासाठी ते एनपीसीआयकडे नोंदवणं वेगळं. बँकेत 'डीबीटीसाठी आधार सीडिंग करा' असं सांगून त्याचा संमतीचा फॉर्म द्यावा लागतो. आणि चार खात्यांना आधार जोडलेलं असलं, तरी सीडिंग एका वेळी एकाच खात्याला असतं. जे शेवटी केलं तेच. गेल्या वर्षी एक मुलगा 'पैसे आले नाहीत' म्हणून तीन वेळा माझ्याकडे आला. पोर्टलवर रक्कम जमा दिसत होती. मग त्याला `myaadhaar.uidai.gov.in` वर ओटीपी घालून Bank Seeding Status बघायला लावलं. तिथे वेगळ्याच बँकेचं नाव. अकरावीत मोबाइलवरून उघडलेलं खातं, तो विसरूनही गेला होता. पैसे त्यातच होते.

ठाणेकर काका

आमच्या वेळी, १९८७ साली, ईबीसीचा फॉर्म कागदाचा असायचा. वडिलांची सही आणि उत्पन्नाचा दाखला जोडून खिडकीत दिला की झालं. तारीख फळ्यावर खडूने लिहायचे आणि शिपाई वर्गात येऊन ओरडून सांगायचा. माझा नातू म्हणतो, तारीख पुढे जातेच, घाई कशाला. हे खरं आहे का?

तुर्भे

काका, बऱ्याच वेळा जाते. मी त्याच भरवशावर एक वर्ष थांबलो. मुदतवाढ मिळाली सुद्धा, पण शेवटच्या रात्री साइट उघडेना. ओटीपी बाबांच्या नंबरवर जायचा आणि बाबा रात्रपाळीला एमआयडीसीत, मोबाइल गेटवर जमा. सकाळी सहाला ते बाहेर आले तोवर सगळं संपलं होतं. आधारला कुणाचा नंबर आहे हे मेसेजमध्ये पहिल्याच दिवशी विचारा.

दोन वर्षं 'संपर्क' होतो

संपर्क म्हणून एकच नाव टाकताना जपून. माझं टाकलं होतं. लोकांनी आधारकार्ड आणि पासबुकाचे फोटो सरळ ग्रुपवर टाकले, काहींनी मला युजरनेम-पासवर्ड पाठवून 'तूच भर' म्हटलं. मी पाच जणांचे भरले. त्यातल्या एकाची योजनाच चुकीची निवडली. त्याला वसतिगृह निर्वाह भत्त्यात बसवलं, तो घरी राहणारा. अर्ज रद्द झाला आणि मैत्री तेव्हापासून तशी राहिली नाही. संपर्काने ऑफिसात विचारून उत्तर आणायचं, फॉर्म भरायचा नाही. हे मेसेजमध्येच लिहावं. आणि माझं मत, नावं दोन असावीत.

ऐरोलीची सीआर

सगळं वाचून काल रात्री हे लिहिलं. उद्या टाकणार आहे, म्हणजे शेवटच्या तारखेच्या पाच आठवडे आधी.

"महाडीबीटी, नवीन आणि नूतनीकरण दोन्ही. मुलींनीही भरायचाच आहे.
१. आजच बघा: उत्पन्न दाखल्यावर वैधता कधीपर्यंत आहे. संपली असेल तर उद्या सेतू किंवा आपले सरकार, आपापल्या तालुक्याचा. पगाराचा कागद नसेल तर आधी तलाठी अहवाल.
२. या आठवड्यात: आधारला कोणाचा मोबाइल आहे आणि डीबीटीसाठी कोणतं खातं आहे, दोन्ही तपासा.
३. मग बाकीचे: अधिवास दाखला, अलॉटमेंट लेटर, मागची गुणपत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फी पावती, रेशनकार्ड, गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र.
४. आपल्या वर्गाची तारीख सरकारी तारखेच्या बारा दिवस आधी. सेंड बॅक आला तर दुरुस्तीला वेळ हवा.
५. सबमिट केल्यावर दर सोमवारी लॉगिन करून बघा.
संपर्क: मी, संध्याकाळी ७ ते ९. ऑफिसात विचारून सांगेन. आधार, पासबुक, ओटीपी, पासवर्ड मला किंवा ग्रुपवर पाठवू नका."

दुसरं नाव अजून टाकलेलं नाही. दोघांनी वेगवेगळी उत्तरं दिली तर गोंधळ वाढेल असं मला वाटतं.

दोन वर्षं 'संपर्क' होतो

तू आजारी पडलीस तर?

फॉर्म तपासणारा

चौथ्या मुद्द्यातले बारा दिवस आमच्या कॉलेजला पुरतील. तुमच्याकडे एका टेबलावर किती अर्ज येतात ते विचारून घे. आमच्याकडे शेवटच्या आठवड्यात मला एक अर्ज उघडायलाच चार दिवस लागतात.

घणसोलीकर

तलाठी अहवालाची ओळ टाकलीस, धन्यवाद. त्यापुढे 'रिक्षा परमिट, लाइट बिल सोबत न्या' एवढं जोड. बाबांना दोनदा जावं लागलं होतं.

ऐरोलीची सीआर

जोडलं. ऑफिसात उद्या विचारते.