निरोपसमारंभातली थट्टा: तुमचे अनुभव सांगा

काल एका मैत्रिणीच्या निरोपाचं बोलावणं आलं, 'तू तिची खेचायचीस' असं फर्मान घेऊन. आणि २०१७ आठवलं.

आमचा मित्र बंगळुरूला नोकरीसाठी निघाला होता. मखमलाबादच्या मळ्यात तीसेक जण जमलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, "याने पाच वेळा पूर्व परीक्षा दिली, पण मुख्य परीक्षेचा हॉल कसा दिसतो ते याला अजून माहीत नाही." सगळे हसले, तोही हसला. हा विनोद त्याचाच होता, कट्ट्यावर तो स्वतः सांगायचा. पण त्या दिवशी त्याचे वडील पहिल्या रांगेत बसले होते आणि घरी त्याने 'दोनदा पूर्व निघाली' असं सांगून ठेवलं होतं. काका जेवण न करताच उठले. पुढे चार महिने तो माझ्याशी बोलला नाही. अजूनही गळ्याशी येतं.

तुमच्याकडे असं कधी झालंय? आणि थट्टा कुठे थांबवायची ते कसं ठरवता?

सिडकोकर: ताई, वाईट वाटलं. पण माझं मत असं की माणूस स्वतःवर जो विनोद करतो तो आपणही करू शकतो. तुमचं नशीब खराब एवढंच.

गोदाकाठ: @सिडकोकर नाही हो. स्वतः बोलताना किती बोलायचं आणि कुणासमोर, हे त्याच्या हातात असतं. आपण बोललो की ते सुटतं. माझी बायको स्वतःच्या वजनावर रोज बोलते, मी एकदाच बोललो होतो 😅

द्राक्षबाग: मखमलाबादला कुणाचा मळा? आम्हाला डिसेंबरात पन्नास माणसांची सोय हवीय.

निवृत्त_सुपरवायझर: सातपूरच्या कारखान्यात बारा वर्षं निरोपाचे कार्यक्रम मीच बसवायचो, म्हणून थोडं लांब लिहितो. आठवडाभर आधी मी त्या माणसाला एकट्याला चहाला न्यायचो. चारचौघांत विचारलं तर सगळे 'काहीही चालेल' म्हणतात. म्हणून एकट्याला विचारायचं, "कोणत्या गोष्टी काढायच्या नाहीत? आणि कोण कोण येणार आहे?" दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. मित्रांत चालणारं सासऱ्यांसमोर चालत नाही. एकाने 'मूल' एवढाच शब्द सांगितला, मी कारण विचारलं नाही. मग बोलणाऱ्या प्रत्येकाकडून मजकूर आधी मागवायचा आणि कारण न देता नको ते काढून टाकायचं. एकाला दोनच मिनिटं. आणि शेवटचा माईक ज्याचा निरोप आहे त्याच्याच हातात, म्हणजे त्यालाही परतफेड करता येते.

एवढं करूनही चुकतंच. कळतं कसं? मजा येत असली की माणूस उलट उत्तर देतो. लागलं असलं की नुसता हसतो, आणि लगेच घरच्यांकडे बघतो. असं दिसलं की मी मध्येच उठून माझाच एखादा फजितीचा किस्सा सांगायचो. 'अरे मस्करी होती' असं मात्र कधी म्हणायचं नाही, त्याने लागलेल्यालाच कमीपणा येतो.

कॉलेजरोड_९८: हे तर आमच्या गॅदरिंगच्या फिशपाँडसारखं! चिठ्ठ्या बिननावाच्या असायच्या, पण एक मॅडम आधी सगळ्या चाळायच्या. एका वर्षी मॅडम रजेवर होत्या. माझ्या रंगावरची चिठ्ठी वाचली गेली. कुणी लिहिली ते आजपर्यंत माहीत नाही, त्यामुळे राग तरी कुणावर धरायचा? बिननावाचं नकोच.

सिडकोकर: @कॉलेजरोड_९८ 🙏 माझं वरचं मत थोडं मागे घेतो. पण सगळं आधी तपासलं तर उत्स्फूर्त काय राहणार? रंगपंचमीला रहाडीच्या रंगीत पाण्यात आपण कुणाला विचारून ढकलतो का?

पंचवटीची_सून: विचारत नाही, पण काठावर जो येतो तो भिजायच्या तयारीनेच येतो. माझे आजेसासरे घरातून बघायचे, त्यांना कुणी कधी ओढून नेलं नाही. (दूध उतू जातंय, नंतर येते)

निवृत्त_सुपरवायझर: @सिडकोकर उत्स्फूर्त बोलायला आयत्या वेळच्या गोष्टी असतातच की. उशिरा येणं, डबा चोरून खाणं, गाडी न पुसणं. सवयीवर बोला. शरीर, पगार, परीक्षा, लग्न, मूल यांवर आधी विचारल्याशिवाय नको.

द्राक्षबाग: मळ्याचं कुणी सांगा ना. आणि मिसळवाला तिथे येतो का?

गोदाकाठ: @धागाकर्ती माफी कशी मागितली ते लिहिलं नाहीत. आमच्याकडे एकाने सगळ्यांच्या ग्रुपवर माफी मागितली, तर ज्यांना काही माहीत नव्हतं त्यांनाही कळलं.

धागाकर्ती: मित्राला फोन केला, त्याने उचलला नाही. मग एकटीच काकांकडे गेले. ते म्हणाले, "तुझ्यामुळे खरं कळलं, पण असं कळायला नको होतं." आमची मैत्री परत जुळली, पण ती परीक्षा आम्ही दोघंही आजवर काढत नाही. ते बरं की वाईट, कळत नाही. उद्या त्या मैत्रिणीला एकटीला चहाला बोलावलंय.

पंचवटीची_सून: आले. दूध गेलं. @द्राक्षबाग मळ्याचं व्यनि करते.