सरकारी वही: कॅशवाली खरी की ॲक्रुअलवाली?

पलासियाचा पोरगा
सीए इंटरचा अभ्यास करतोय म्हणून डोक्यात आलं. आपल्या इंदूर नगरनिगमचा हिशोब ॲक्रुअलवर, कोपऱ्यावरच्या प्रायव्हेट लिमिटेडचा पण ॲक्रुअलवर, आणि केंद्र सरकार, राज्य सरकार अजून कॅशवरच? म्हणजे ॲक्रुअलमध्ये देणं-येणं तयार झालं की लगेच वहीत चढतं, आणि कॅशमध्ये पैसा खरोखर आला-गेला तेव्हाच. माझं मत सरळ आहे, कॅश म्हणजे पानाच्या टपरीचा गल्ला, बदलून टाका. कोणाचं वेगळं असेल तर सांगा.

सुदामानगर ठेकेदार
माझं ऐक भिया. एका विभागाचं नालीचं काम केलं, फेब्रुवारीत संपलं, मोजमापाची वही म्हणजे एमबी भरली, इंजिनियरची सही झाली, बिल लागलं, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सांगतात बजेट लॅप्स होतंय, आता नवीन वर्षात बघू. नवीन वर्षाचा पण सप्टेंबर आला. सिमेंटवाला माझ्या दारात उभा आहे, त्याला मी कोणती बेसिस सांगू? ॲक्रुअल आलं तर बिल लवकर निघेल का एवढंच सांगा.

लेखाकाका (ग्वाल्हेर रिटायर्ड)
बिल लवकर निघणार नाही, पण निदान दिसेल तरी. मी महालेखाकार कार्यालयात आयुष्य काढलं, असल्या किती मार्चच्या फायली पाहिल्या. 31 मार्चला विभाग तुमचा देणेकरी होता, पण त्या वर्षाच्या हिशोबात तुमचा एक रुपया नाही, कारण ट्रेझरीतून पैसा निघालाच नाही. तो निघेल त्या वर्षाचा खर्च. म्हणजे नाली गेल्या वर्षीची आणि खर्च या वर्षीचा.

उलटंही होतं बरं का. मार्चमध्ये पैसे काढून विभागाच्याच ठेवीच्या, म्हणजे पीडी, खात्यात टाकतात, खर्च झाला असं पुस्तकात लागतं, आणि काम पुढच्या दिवाळीपर्यंत सुरूच होत नाही.

पण पोरा, गल्ला म्हणून हिणवू नकोस. कॅशचा आकडा रिझर्व्ह बँकेच्या शिलकीशी जुळवावा लागतो, तिथे कोणाचं मत चालत नाही. आणि विधानसभा मंजुरी देते तीच मुळात वर्षभरात किती काढायचे याची.

पलासियाचा पोरगा
काका तुम्हीच माझी बाजू मांडली की! देणं आहे आणि वहीत नाही, मग ती वही कसली.

लेखाकाका (ग्वाल्हेर रिटायर्ड)
थांब, तुझ्या बाजूचं याहून मोठं उदाहरण मीच देतो, मग माझी बाजू ऐक. एफसीआय म्हणजे केंद्राचं अन्न महामंडळ गहू विकत घेतं, तो तेव्हा रेशनवर 2 रुपये किलोनं जायचा, मधला फरक केंद्रानं सबसिडी म्हणून द्यायचा. 2016-17 पासून काय झालं, पूर्ण सबसिडी द्यायच्याऐवजी एफसीआयला अल्पबचतीच्या फंडातून, म्हणजे तुमच्या-माझ्या पोस्टातल्या पैशातून, कर्ज द्यायला लागले. गहू लोकांनी खाल्ला, पण सबसिडीचा पैसा निघाला नाही म्हणून खर्च नाही आणि वित्तीय तुटीत पण नाही. मार्च 2020 पर्यंत हे कर्ज अडीच लाख कोटींवर गेलं होतं.

आता मजा बघ. एफसीआयचा ताळेबंद कंपनीसारखा बनतो, त्यात सरकारकडून येणं म्हणून सबसिडी स्वच्छ लिहिलेली. केंद्राच्या वहीत तेवढंच देणं शोधायला गेलास तर सापडत नाही. गहू एकच, एका वहीत येणं आहे आणि दुसरीत देणं नाही.

मग 1 फेब्रुवारी 2021 च्या बजेटात ती कर्जाची पद्धत बंद केली आणि थकलेलं एकदम चुकवायला घेतलं. 2020-21 ची खाद्य सबसिडी साधारण 1.15 लाख कोटी धरली होती, सुधारित अंदाजात ती 4.22 लाख कोटी झाली. त्यात कोविडच्या मोफत धान्याचा भाग आहेच, पण जुन्या देण्याचा भाग मोठा. कॅशची वही बघणारा म्हणेल की सरकारनं एका वर्षात एवढं धान्य वाटलं! तर नाही, कित्येक पोळ्या चार वर्षांपूर्वीच्या होत्या.

आता माझी बाजू. शेवटी पैसा निघालाच ना? कॅशमध्ये पुढे ढकलता येतं, गायब करता येत नाही.

पलासियाचा पोरगा
ढकलणं म्हणजे लहान गोष्ट नाही काका, मधे चार बजेट आणि एक लोकसभा निवडणूक होऊन गेली, तोपर्यंत तूट कमी दाखवून झाली.

रामबागची बँकवाली
एक मिनिट, नगरनिगम ॲक्रुअलवर आहे म्हणून तिथे सगळं दिसतं असं समजू नका. सेबीच्या नियमात बाँड काढायचा तर ॲक्रुअलचे हिशोब लागतात, इंदूरनं 2023 मध्ये जलूदच्या सोलरसाठी 244 कोटींचा बाँड काढला तेव्हा लोकांना वाचायला ताळेबंद होता, हे चांगलंच. पण समजा एखाद्या निगमनं 100 कोटींच्या संपत्तीकराची मागणी काढली आणि आले 60. ॲक्रुअलमध्ये उत्पन्न 100. उरलेले 40 'येणं' म्हणून बसतात, त्यात बंद वाडे, भावाभावांच्या केसेस, डबल लागलेली खाती. बुडीत म्हणून तरतूद प्रामाणिकपणे केली नाही तर कागदावर शिल्लक आणि पगाराला पैसे नाहीत. मी तर आधी खात्यात किती आले ते बघते.

मास्तरीणबाई
पेन्शनचं पण बोला. आमची 2005 नंतरची भरती, एनपीएसवाली, म्हणजे दर महिन्याला आमचा आणि सरकारचा हिस्सा खात्यात जमा होतो ती. जुनी पेन्शन परत आणली तर सरकारचा आमच्या खात्यात जाणारा हिस्सा वाचतो, म्हणजे सरकारचा फायदाच. राजस्थाननं 2022 मध्ये आणली ती उगाच का?

पलासियाचा पोरगा
बाई, हाच तर कॅशचा चकवा. हिस्सा आज वाचतो हे खरं, तूट पण आज कमी दिसेल, पण तुम्ही रिटायर झाल्यावर जे द्यायचं ते आज कुठेच लिहिलेलं नाही. ॲक्रुअलमध्ये तुमच्या नोकरीच्या दर वर्षी त्या वर्षाची पेन्शन देणं म्हणून चढली असती.

लेखाकाका (ग्वाल्हेर रिटायर्ड)
किती चढली असती, सांग की. 20 वर्षांनी द्यायच्या 1 लाखाची आजची किंमत 7 टक्के व्याज धरून काढलीस तर 25,800 च्या आसपास, 5 टक्क्यांनी काढलीस तर 37,700. बाई त्याच, वचन तेच, आणि देणं जवळजवळ दीडपट. तो दर ठरवणाऱ्या माणसावर दबाव येणार नाही असं वाटतं तुला? न्यूझीलंडनं 1990 च्या आसपास हे सगळं करून दाखवलं, मान्य, पण आपल्याकडे एकेका जिल्ह्यातल्या रस्त्यांची यादीच धड नाही, घसारा कशावर लावणार. बाराव्या वित्त आयोगानं ॲक्रुअल सुचवलं, सरकारनं तत्त्वतः मान्य केलं, त्याला वीस वर्षं झाली.

मला विचाराल तर कॅश राहू दे आणि सोबत देण्यांची पक्की यादी छापा. राज्याच्या वित्त लेख्यांच्या मागे परिशिष्टात पुढच्या देण्यांची माहिती असते, पण विभाग जे पाठवतील तेवढीच.

पलासियाचा पोरगा
अंदाज चुकेल म्हणून शून्य लिहायचं का? 25 चुकीचं असेल, 37 चुकीचं असेल, पण शून्य तर नक्कीच चुकीचं आहे. आणि यादी डबल एंट्रीत नसेल तर कोण काय गाळतंय ते कळणार कसं? एफसीआयचं पण दुसरी वही होती म्हणूनच कळलं.

लेखाकाका (ग्वाल्हेर रिटायर्ड)
हा मुद्दा बरोबर आहे तुझा. पण रस्त्यांच्या घसाऱ्यावर मी हटणार नाही.

मास्तरीणबाई
माझी पेन्शन 25 की 37 हे तुमचं ठरेपर्यंत मी रिटायर होईन.

सुदामानगर ठेकेदार
काका ते परिशिष्ट कुठे मिळेल? माझ्या नालीचं बिल त्यात घातलंय का बघतो.

लेखाकाका (ग्वाल्हेर रिटायर्ड)
cag.gov.in वर राज्याचे वित्त लेखे असतात. पण त्यात ठेकेदारांची नावं नसतात हो, मोठेमोठे आकडे असतात.

सुदामानगर ठेकेदार
मग सिमेंटवाल्याला तोच दाखवतो.