मदत हवी आहे: फॉर्म्युला खाली ओढला की दर बदलतो. डॉलरचं बटण नक्की कुठलं?

वाळपईकर

मंडळी, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमचं काजूबिया खरेदीचं छोटं दुकान आहे. वहीवरून एक्सेलवर आलोय आणि पहिल्याच हप्त्यात तोंडघशी पडलोय.

शीट अशी आहे. B1 मध्ये दर, समजा १५०. B2 मध्ये हमाली, किलोमागे ३. तिसरी ओळ रिकामी. चौथ्या ओळीत मथळे: नाव, किलो, रक्कम. पाचव्या ओळीपासून माणसं. त्या दिवशी पाचच जण होते. वजनं: १४८, ६२, ३५.५, ९० आणि ५४ किलो. C5 मध्ये मी लिहिलं:

```
=B5*B1
```

२२२०० आले, बरोबर. मग कोपरा धरून खाली ओढलं. दुसऱ्याला १८६, तिसऱ्याला शून्य, चौथ्याला #VALUE! आणि पाचव्याला ७९९२. मधले तिघे बघूनच कळलं की गोंधळ आहे, म्हणून त्यांचे फॉर्म्युले हाताने लिहिले. पाचवा बरा वाटला, तसाच ठेवला आणि पैसे दिले. संध्याकाळी तो परत आला, "बाब, १०८ रुपये कमी." कॅल्क्युलेटरवर ८१०० येतात. लाज वाटली.

भाचा म्हणतो, F4 दाबून डॉलर लाव. मी रक्कमेचा कॉलम निवडला आणि F4 दाबलं, तर सगळा कॉलम पिवळा झाला! हा काय प्रकार?

माडाखाली

आपला व्यवहार रुपयांत, मग डॉलर कशाला? चौकटींवर राइट क्लिक करून फॉरमॅटमध्ये करन्सी निवडा, तिथे ₹ मिळतं. माझं बिल तसंच आहे.

वाळपईकर

ताई, चिन्ह रुपयाचंच आहे हो. हिशेब चुकतोय.

पेडण्याचा_पोर

सोपं आहे रे. डॉलर म्हणजे कुलूप. फॉर्म्युल्यात सगळीकडे डॉलर लाव, =$B$5*$B$1, आणि ओढ खाली. कुलूप लावलं की तो पत्ता कधीच बदलत नाही, वर नवीन ओळ घातली तरी.

वाळपईकर

तसं केलं. आता पाचही जणांना २२२००. असं पैसे वाटत बसलो तर दुकान विकावं लागेल.

जुना_कारकून

पोरानं अर्धं बरोबर सांगितलं. आधी ते पाच आकडे का आले ते बघा, मग डॉलर कुठे हवा ते आपोआप कळेल.

एक्सेलला तुमचं "B1" हे दराचं घर म्हणून कळत नाही. C5 मध्ये बसून त्याला ते "डावीकडचा कॉलम, चार ओळी वर" असं कळतं. कॉपी केलं की हेच अंतर नवीन जागेवरून मोजलं जातं. C6 मधून चार ओळी वर B2, म्हणजे हमाली. ६२ गुणिले ३, झाले १८६. C7 मधून B3, ती रिकामी चौकट, म्हणून शून्य. C8 मधून B4, तिथे "किलो" हा शब्द. शब्दाने गुणता येत नाही म्हणून #VALUE!. आणि C9 मधून B5, म्हणजे पहिल्या माणसाचं वजन. ५४ गुणिले १४८, झाले ७९९२. नेमकं त्याचं वजन तुमच्या दराच्या जवळ निघालं म्हणून ती चूक खपून गेली. बाकी तिघांच्या चुका ओरडून सांगत होत्या, ही गप्प होती. शंका आली की Ctrl आणि एकाच्या डावीकडची ` ही कळ एकत्र दाबा. आकड्यांच्या जागी फॉर्म्युले दिसतात, नजर फिरवली की बिघाड सापडतो.

तुमच्याकडे वजनाचा पत्ता ओळीबरोबर सरकायला हवा आणि दराचा जागेवर राहायला हवा. म्हणून डॉलर फक्त दराला:

```
=B5*$B$1
```

आता F4. नुसती चौकट निवडून दाबलं तर एक्सेल तुमची शेवटची कृती पुन्हा करतो. त्याआधी तुम्ही कुठेतरी पिवळा रंग भरला असणार, तोच कॉलमला लागला. C5 वर डबल क्लिक करा, फॉर्म्युल्यातल्या B1 ला कर्सर लावा आणि मग F4 दाबा. एकदा $B$1, दोनदा B$1, तीनदा $B1, चौथ्यांदा पुन्हा साधं B1. फॉर्म्युला नुसता खाली ओढायचा असेल तर B$1 पुरतं, कारण कॉलम बदलतच नाही. मी सवयीने पूर्ण डॉलर लावतो.

आणि पोरा, "कधीच बदलत नाही" हे खरं नाही. वर ओळ घातलीस तर दर B2 मध्ये जातो आणि फॉर्म्युलाही आपोआप $B$2 होतो. डॉलरचा संबंध कॉपी करण्याशीच आहे. Ctrl+X करून फॉर्म्युला हलवलास तर डॉलर नसला तरी पत्ते तेच राहतात.

पेडण्याचा_पोर

ओळ घालून बघितली. खरंच सरकला. मागे घेतो.

वाळपईकर

माझ्या लॅपटॉपवर डबल क्लिक करून F4 दाबलं तर आवाजच बंद होतो.

जुना_कारकून

मग Fn धरून F4 दाबा. लिबरऑफिसची जुनी आवृत्ती असेल तर Shift+F4, मॅकवर Cmd+T. मोबाइलवर कळच नाही, तिथे $ हाताने टाइप करा. परिणाम तोच.

काणकोणचा_पाहुणचार

मध्येच घुसतोय, माफ करा. आमच्या खोल्यांच्या भाड्याचा तक्ता आहे. B3 ते B5 मध्ये तीन खोल्यांचं मूळ भाडं, दुसऱ्या ओळीत C, D, E मध्ये पावसाळा, सणासुद आणि डिसेंबर यांचे गुणक. $B$3 लावलं तर सगळ्या खोल्यांना एकच भाडं येतं, काढलं तर उजवीकडे भलतेच आकडे.

जुना_कारकून

तुम्हाला अर्धे डॉलर हवेत. भाड्याचा कॉलम धरा, ओळ सोडा. गुणकाची ओळ धरा, कॉलम सोडा. C3 मध्ये लिहा आणि उजवीकडे, खाली दोन्हीकडे ओढा:

```
=$B3*C$2
```

B3 वर F4 तीनदा, C2 वर दोनदा.

वाळपईकर

Fn नं जमलं! पाचही बरोबर, ५४ किलोवाल्याचे १०८ रुपये उद्या घरी नेऊन देतो. देव बरे करो.

पण आता नवीनच घोळ. आज दर १४५ झाला. B1 मध्ये १४५ घातले तर मागच्या आठवड्याच्या, पैसे देऊन मोकळ्या झालेल्या रकमाही कमी झाल्या.

जुना_कारकून

होणारच, सगळे त्याच एका घराकडे बघतायत. हंगामात दर खालीवर होतो, तेव्हा दराचा वेगळा कॉलम करा आणि प्रत्येक ओळीत त्या दिवशीचा दर टाका.

पेडण्याचा_पोर

नाहीतर रोज नवी शीट. मला तेच बरं वाटतं, दिवसाचा हिशेब दिवसाला.

वाळपईकर

रोज नवी शीट म्हणजे मे महिन्यापर्यंत शंभर शीटा होतील रे. पण दर प्रत्येक ओळीत आला तर मग डॉलर लागणारच नाही ना? इतकी उठाठेव कशाला केली मी?

जुना_कारकून

हमाली अजून B2 मध्येच आहे ना? ती वजा करायला घेतलीत की लागेल.