रीड अलाऊड आणि रिपीट सेंटेन्स: मशीनला खरंच काही कळत नाही का?

घोडबंदरकर
पीटीई, म्हणजे मशीन गुण देतं ती इंग्रजीची परीक्षा देणाऱ्यांनो, उगाच घाम गाळू नका. आमच्या क्लासमध्ये स्पष्ट सांगितलंय, रीड अलाऊडला समोरचा उतारा सुसाट वाचत सुटायचं, शब्द गाळला तरी मागे वळायचं नाही. रिपीट सेंटेन्सला ऐकलेलं वाक्य आठवलं नाही तर सुरात काहीही बोलायचं, मशीनला अर्थ थोडाच कळतो! शब्दन्‌शब्द घोकत बसणारे वेळ वाया घालवतात. पटत नसेल तर बोला.

कोपरी_पूर्व
नाही पटत. असल्या सल्ल्याने मुलांची परीक्षेची फी बुडते, म्हणून सविस्तर लिहिते. मी काही वर्षं अशा रेकॉर्डिंगना हाताने गुण द्यायचं काम केलंय. मशीन शिकतं ते माणसांनी दिलेल्या अशाच गुणांवरून.

मशीनला अर्थ कळत नाही हे खरं. पण या दोन टास्कमध्ये त्याला अर्थ लागतच नाही, कारण तुम्ही काय बोलायला हवं ते त्याच्याकडे आधीच लिहिलेलं असतं. ते तुमचा आवाज त्या शब्दांवर बसवून बघतं: हा शब्द इथे सुरू झाला, इथे संपला, हा आलाच नाही, हा भलताच आला. रीड अलाऊडमध्ये गाळलेला, बदललेला आणि जास्तीचा घुसवलेला असा प्रत्येक शब्द एकेक चूक धरला जातो.

मागे वळू नका, एवढा भाग क्लासचा बरोबर आहे. "एन्व्हायर... एन्व्हायर्नमेंट" असं केलंत की जास्तीचा तुकडा चुकीत जातो आणि अडखळल्याबद्दल फ्लुअन्सीही घसरते. झालेली चूक सोडून पुढे जाणं स्वस्त पडतं. पण म्हणून शब्द गाळणं फुकट होत नाही.

आता रिपीट सेंटेन्स. समजा वाक्य आलं, "द लायब्ररी विल रिमेन क्लोज्ड अन्टिल द एन्ड ऑफ द सेमिस्टर". शब्द ११. एक मुलगा म्हणाला, "द लायब्ररी विल क्लोज्ड एन्ड ऑफ सेमिस्टर". व्याकरण मोडलं, पण ७ शब्द मूळ क्रमात आहेत, म्हणजे निम्म्याच्या वर. कंटेंटचे, म्हणजे शब्द बरोबर आल्याचे, ३ पैकी २. दुसरा हुशार, त्याने अर्थ पकडला आणि म्हणाला, "एन्ड ऑफ द सेमिस्टर लायब्ररी क्लोज्ड". माणसाला जास्त कळलं असतं, पण ओळीने लागतात ते फक्त मूळ वाक्यातले शेवटचे ४ शब्द, म्हणून त्याला १. आणि तुमच्या क्लासची सुरातली बडबड? तिच्यात मूळ वाक्यातलं काहीच नाही. शून्य.

म्हणजे अर्थ सांगू नका, ऐकलेले शब्द ऐकलेल्या ओळीनेच परत द्या. मधला धागा सुटला तर सुरुवातीचे चार आणि शेवटचे तीन-चार त्याच क्रमाने द्या.

ऐरोली_नाइटशिफ्ट
ताई, हे सगळं कागदावर ठीक. आम्ही ऐरोली-महापेच्या कंपन्यांत नोकरीसाठी व्हर्संट ही मशीनवाली इंग्रजीची परीक्षा देऊन देऊन थकलो. तिथेही वाक्य परत म्हणायचं असतं. माझं एकही वाक्य चुकलं नव्हतं, तरी एका कंपनीने गुण कमी म्हणून दारातून परत पाठवलं. तिथे अमेरिकन बोलणाऱ्यालाच गुण मिळतात. मशीन ॲक्सेंट ऐकतं, बाकी काही नाही.

वाशी_स्टेशन
माझ्या मुलाला आयेल्ट्सच्या स्पीकिंगला बाईंनी मध्येच थांबवलं, वाक्य पुरं करू दिलं नाही. त्याचे गुण गेले असतील का हो? कोणी सांगेल का?

कोपरी_पूर्व
वाशी_स्टेशन, आयेल्ट्सला समोर माणूस बसतो आणि वेळ संपली की तो थांबवतोच, त्याचे गुण कापत नाहीत. इथली चर्चा मशीनवाल्या परीक्षेची आहे.

ऐरोलीदादा, व्हर्संटची वाक्यं हळूहळू लांब होत जातात, ती मुद्दामच. छोटं वाक्य पोपटासारखं परत येतं. लांब वाक्य नुसतं कानात मावत नाही, व्याकरणाच्या गठ्ठ्यांत बांधलं तरच टिकतं. म्हणून परत म्हणण्यातून भाषेवरची पकड दिसते. पण सगळे शब्द बरोबर येऊनही फ्लुअन्सी आणि उच्चाराचे गुण वेगळे मोजतात, तुमचे तिथे गेले असावेत.

कळवा_मराठी_माध्यम
आलं ना शेवटी उच्चारावर! मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलो. नौपाड्यातल्या एका क्लासमध्ये बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमचा व्ही आणि डब्ल्यू एकच आहे, तुमचं कठीण आहे." मग महिनाभर तोंडात गोटी धरल्यासारखं बोलायला लावलं. कॉन्व्हेंटची पोरं तेच वाक्य वाचतात आणि पास होतात. ही परीक्षा इंग्रजीची नाही, शाळेच्या फीची आहे. आणि तुम्ही इथे ११ शब्द मोजताय!

घोडबंदरकर
१०० टक्के. आमच्या क्लासमध्येही अमेरिकन ॲक्सेंटची वेगळी बॅच आहे, तिची फी वेगळी.

कोपरी_पूर्व
त्या वेगळ्या फीचाच मला राग आहे. ॲक्सेंट विकत घेऊन गुण मिळत नाहीत. ओढूनताणून "वॉटर"चं "वॉडर" म्हणायला गेलेला मुलगा प्रत्येक शब्दापाशी क्षणभर थबकतो आणि त्याची फ्लुअन्सी जाते. शिवाय त्याचे स्वर एका वाक्यात तीन ठिकाणचे होतात. प्रादेशिक उच्चार समजण्यासारखा असेल तर चालतो, गुणांच्या निकषातच तसं आहे.

कळव्याच्या दादा, त्या बाईंनी तुमचा अपमान केला, ते चूकच. पण त्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवलं, हे मला जास्त खटकतं. व्ही-डब्ल्यूने एखाद्या शब्दाचं थोडं बिघडतं, वाक्याचं नाही. आपल्याकडचं खरं दुखणं आघाताचं आहे. मराठीत आपण प्रत्येक अक्षर जवळपास सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजीत "फोटोग्राफ"चा जोर पहिल्या अक्षरावर आणि "फोटोग्राफी"चा दुसऱ्यावर. जोर नसलेली अक्षरं आखूड आणि पुसट होतात. आपण "ऑफ", "द", "टू" हे शब्दही "लायब्ररी"इतकेच ठासून म्हणतो. मशीनकडे प्रत्येक ध्वनीची सुरुवात-शेवट सेकंदाच्या बारीक तुकड्यांत नोंदलेली असते. "ऑफ" नेहमीपेक्षा लांब आणि जोराचं अक्षर नेहमीपेक्षा आखूड, हे तिथे लगेच दिसतं. आणि ही सवय कॉन्व्हेंटच्या पोरांनाही असते, मी त्यांचीही रेकॉर्डिंग ऐकली आहेत.

कळवा_मराठी_माध्यम
म्हणजे आमचं बोलणं सारख्या वजनाचं म्हणून सदोष? मराठी माणसाने मराठी लयीत इंग्रजी बोललं तर कोणाला समजत नाही? माझी टीम बंगळुरू आणि सिंगापूरशी रोज बोलते, कधी कोणी अडलं नाही. "सवय", "दुखणं" हे शब्द मागे घ्या.

कोपरी_पूर्व
"दुखणं" मागे घेते. आघाताचे गुण जातात, हे मागे घेता येणार नाही.

ऐरोली_नाइटशिफ्ट
कळव्याचा मुद्दा बरोबर आहे. नाइट शिफ्टला मी रोज शंभर गोऱ्यांशी बोलतो, कोणी म्हणत नाही समजलं नाही. मशीनला मात्र समजत नाही!

माजिवडा_जंक्शन
सगळे एकमेकांवर चिडलाय, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. मशीन ऐकतं ते खरं कशावरून? २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात एक आयरिश पशुवैद्य होती, मातृभाषाच इंग्रजी. व्हिसासाठी पीटीईच्या स्पीकिंगला ७९ हवे होते, मशीनने ७४ दिले. परीक्षा घेणारी कंपनी म्हणाली आमच्या यंत्रणेत दोष नाही. २०२० मध्ये अमेरिकेत अभ्यास झाला. पाच मोठ्या कंपन्यांच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणा गोऱ्यांच्या बोलण्यात सरासरी १९ टक्के शब्द चुकवत होत्या आणि कृष्णवर्णीयांच्या ३५ टक्के. दोघंही जन्मापासून इंग्रजीच बोलणारे. मग ताई, तुमच्या मशीनवर कळव्याच्या माणसाने विश्वास का ठेवायचा?

कोपरी_पूर्व
तो अभ्यास मोकळ्या गप्पांचा होता. माणूस काय बोलणार हे यंत्रणेला माहीत नव्हतं, ओळखून लिहायचं होतं. इथे मजकूर आधीच ठाऊक असतो, म्हणून शब्द चुकीचे ओळखण्याचा धोका बराच कमी होतो.

माजिवडा_जंक्शन
कंटेंटपुरतं मान्य. पण उच्चाराचे गुण? "हा ध्वनी तोच आहे की शेजारचा" याची खात्री मशीन ज्या आवाजांवरून करतं, त्यात ठाणे-कळव्याचे आवाज कमी असतील तर आपल्या चांगल्या ध्वनीबद्दलही ते साशंक राहणार. मजकूर ठाऊक असून तिथे काय उपयोग?

कोपरी_पूर्व
तिथे तुमचं म्हणणं खोडता येत नाही. माझ्या कामात आम्ही दोन माणसं वेगवेगळे गुण द्यायचो आणि वाद झाला की तिसरा ऐकायचा. मशीनशी असा वाद घालता येत नाही, हे मलाही चुकीचं वाटतं. पण ज्याची परीक्षा तोंडावर आहे त्याला मी आज काय सांगू?

घोडबंदरकर
तेच सांगा ना. "सुसाट वाचा" चुकीचं तर मग कसं वाचायचं? माझी परीक्षा याच महिन्यात आहे.

कोपरी_पूर्व
रीड अलाऊडला ६० शब्दांपर्यंतचा उतारा येतो आणि बोलण्याआधी ३० ते ४० सेकंद मिळतात. त्या वेळात सगळं पुटपुटत बसू नका. कुठे श्वास घ्यायचा ते ठरवा आणि लांब शब्द दिसतील त्यांचा जोर कुठे, एवढं बघा. स्वल्पविरामापाशी थांबलं तर ते वाचन वाटतं. "इन द" म्हणून थांबलात आणि मग "एन्व्हायर्नमेंट" आलं तर ते अडखळणं ठरतं, थांबा तेवढाच असला तरी.

सुसाट वाचल्यावर काय होतं ते तुमच्याच फोनवर ऐका. "एक्सपेक्टेड"चा शेवट जातो, "स्टुडन्ट्स"चा "स्टुडन्" होतो, "इन द" चं "इन" उरतं. शेवटचे दोन मला नेहमी भेटलेले. शब्द अर्धा आला की मशीन एकतर तो गाळलेला धरतं, नाहीतर उच्चारात कापतं. बातम्या वाचणाऱ्याचा वेग धरा, त्याहून जास्त नको.

बीप होण्याआधी तोंड उघडू नका, तेवढा भाग रेकॉर्डच होत नाही. मध्ये तीन सेकंद गप्प राहिलात तर माइक बंद होतो आणि उरलेला उतारा गेला. जोरात ओरडूनही गुण मिळत नाहीत. माइक तोंडासमोर चिकटवून ओरडलं की आवाज फाटतो आणि फाटलेल्या आवाजात ध्वनी ओळखायला उलट कठीण. माइक ओठांच्या जरा बाजूला ठेवा, सुरुवातीच्या तपासणीत स्वतःचं रेकॉर्डिंग नीट ऐका आणि खरखर असेल तर तिथेच हात वर करा.

ऐरोली_नाइटशिफ्ट
ते फाटलेल्या आवाजाचं बरोबर आहे. व्हर्संटला शेजारच्या केबिनमधला इतका ओरडत होता की मीही ओरडायला लागलो. तरी कंपनीने मला परत पाठवलं ते चुकीचंच होतं.

घोडबंदरकर
बरं. रिपीट सेंटेन्सचं गणित क्लासमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, उद्या त्यांना विचारणार आहे. रीड अलाऊडचं अजून पूर्ण पटलेलं नाही, आमच्यातल्या एकाने सुसाट वाचूनच ८० च्या वर घेतलेत.

कळवा_मराठी_माध्यम
त्याची शाळा कुठली होती तेही विचार.

कोपरी_पूर्व
घोडबंदरकर, त्या मित्राचं वाचन रेकॉर्ड करून ऐका. शब्दांचे शेवट शाबूत असतील तर तो सुसाट वाचत नाही, नुसता न थांबता वाचतो.