मदत हवी आहे: ब्लॉग न उघडताही रिपोर्टमध्ये त्याचंच नाव, आणि विकिपीडियाचा संदर्भ नेमका कसा द्यायचा?

कळव्याची_मुक्ता
एम.ए. इतिहासाचा प्रबंध चालू आहे, विषय ठाण्याची रेल्वे. पहिलं प्रकरण कॉलेजच्या साहित्यचोरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं तर ३१ टक्के साम्य आलं. त्यातला मोठा तुकडा एका पर्यटन ब्लॉगशी जुळला म्हणे. तो ब्लॉग मी आयुष्यात कधी उघडलेला नाही! मी मराठी विकिपीडिया आणि दुसरी एक वेबसाइट वापरली होती, शब्दही बदलले होते आणि परिच्छेदाखाली लिंक दिली होती. मग हा ब्लॉग आला कुठून? आणि लिंक देऊनही साम्य का मोजतात? सर म्हणाले, "नीट संदर्भ दे," पण नीट म्हणजे कसा ते सांगितलं नाही.

नौपाडेकर
तळटीप दिली आहेस ना? मग चोरीचा प्रश्नच नाही. सॉफ्टवेअरला अक्कल नसते, सरांना तळटीप दाखव आणि मोकळी हो.

ग्रंथपाल_वाशी
नौपाडेकर, अर्धंच बरोबर. तळटीप सांगते की माहिती कुठून आली. वाक्यरचना कोणाची हे ती सांगत नाही. शब्द जसेच्या तसे घ्यायचे तर दुहेरी अवतरणचिन्हं हवीत, नाहीतर वाचणारा ते वाक्य मुक्ताचंच समजणार.

मुक्ता, तुझं जुळलेलं एक वाक्य इथे टाकशील का? मूळ आणि तुझं, दोन्ही.

कळव्याची_मुक्ता
वेबसाइटवर होतं: "या ऐतिहासिक गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडलेली होती आणि चौदा डब्यांमधून सुमारे चारशे निमंत्रित प्रवाशांनी बोरीबंदर ते ठाणे हा चौतीस किलोमीटरचा प्रवास केला."
माझं: "या अविस्मरणीय गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने लावलेली होती आणि चौदा डब्यांमधून सुमारे चारशे पाहुण्यांनी बोरीबंदर ते ठाणे हा चौतीस किलोमीटरचा प्रवास केला."

ग्रंथपाल_वाशी
आता बघ. अशी सॉफ्टवेअर्स साधारणपणे अख्खं वाक्य ताडून बघत नाहीत. ती मजकुराचे लागोपाठ शब्दांचे छोटे, एकमेकांवर चढलेले तुकडे करतात. समजा पाच-पाच शब्दांचे: पहिला ते पाचवा, मग दुसरा ते सहावा, असं पुढे. प्रत्येक तुकड्याचा एक आकडा बनतो आणि तो साठवलेल्या आकड्यांच्या ढिगात शोधला जातो. तू तीन ठिकाणी शब्द बदललेस, पण "गाडीला" पासून "इंजिने" पर्यंत आठ शब्द सलग तसेच आहेत, "होती आणि चौदा डब्यांमधून सुमारे चारशे" हे सहा आणि शेवटचे "बोरीबंदर" ते "केला" पुन्हा आठ. पाच शब्दांच्या हिशोबाने त्यातून दहा तुकडे जसेच्या तसे सापडतात. "ऐतिहासिक"चं "अविस्मरणीय" केल्याने फक्त त्या शब्दाभोवतीचे तुकडे सुटले.

ब्लॉगचं कोडं त्याहून सोपं आहे. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. श्रेय देऊन आणि तोच परवाना ठेवून कोणीही तो पुन्हा छापू शकतं, आणि अख्ख्या विकिपीडियाची फाइलच डाउनलोड करता येते. त्यामुळे तोच परिच्छेद शेकडो साइटवर पसरतो, बहुतेक जण श्रेय देतच नाहीत. वेबसाइट आणि ब्लॉग एकमेकांवरून उचलतात ते वेगळंच. सॉफ्टवेअरला मूळ कुठलं ते कळत नाही, ज्या पानाशी जास्त जुळलं ते रिपोर्टमध्ये वर येतं. तुझी वेबसाइट आणि तो पर्यटन ब्लॉग एकाच झऱ्याचं पाणी प्यायलेत, इतकंच.

ऐरोलीचा_वाटसरू
हाच माझा विषय! मी ठाण्याच्या जुन्या स्टेशनांवर ब्लॉग लिहितो. माझा लेख दोन साइटनी जसाच्या तसा उचलला. आता कोणी मुलाने माझ्याकडून घेतलं तर रिपोर्टमध्ये त्या चोरांचं नाव येणार का? आणि मीच आधी लिहिलं हे सिद्ध कसं करू?

ग्रंथपाल_वाशी
येऊ शकतं, हो. web.archive.org वर तुमच्या पानाची जुनी प्रत जतन झालेली असेल तर तारखेचा पुरावा मिळतो. ब्लॉगवर छापलेली तारीख मात्र मालक बदलू शकतो, तिच्यावर कोणी विसंबणार नाही.

सीवूड्सची_आई
माझ्या मुलाचं सातवीचं प्रोजेक्ट आहे, त्यातही असे संदर्भ द्यावे लागतात का? शाळा काही विचारत नाही, पण सवय लागावी म्हणून विचारतेय.

डीटीपीवाला
कशाला एवढा घोळ? जुन्या फॉन्टमध्ये टाइप कर, युनिकोड नको. साम्य शून्य टक्के येतं. दहा प्रबंध बाहेर काढलेत असे.

ग्रंथपाल_वाशी
येतं, कारण सॉफ्टवेअरला आत देवनागरी दिसतच नाही, इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. पण रिपोर्टमध्ये तीच खिचडी छापून येते, आणि मराठी प्रबंधाला शून्य टक्के बघून कुठलाही जाणता परीक्षक पहिल्यांदा फाइल उघडतो. पोरीला असल्या वाटेला लावू नका.

सीवूड्सच्या ताई, सातवीला पानाचं नाव आणि पाहिल्याची तारीख लिहिली तरी पुष्कळ झालं.

कळव्याची_मुक्ता
मग माझं वाक्य कसं असावं? आणि ३१ टक्के म्हणजे प्रबंध नाकारणार का?

ग्रंथपाल_वाशी
यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायला सांगतात, मुदत जास्तीत जास्त सहा महिने. नीट श्रेय दिलेले उतारे, संदर्भसूची, सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य माहिती ही मोजणीतून वगळायची असते. पण ते सेटिंग कोणीतरी लावावं लागतं. आमच्या ग्रंथालयात मराठीत "संदर्भसूची" लिहिलेली यादी सॉफ्टवेअरला ओळखता आली नव्हती, हाताने वगळावी लागली. हे आधी तपासायला सांग, ३१ मधले काही तिथेच गळतील.

वाक्याचं म्हणशील तर वेबसाइट बंद कर आणि तुला काय सांगायचंय ते लिही. "१६ एप्रिल १८५३ ची गाडी ओढायला तीन इंजिनं लागली आणि तिन्हींना नावं होती. डबे चौदा, माणसं चारशेच्या आसपास." पुढे तुझा मुद्दा, आणि शेवटी संदर्भ. १८५३ ची तारीख सगळ्यांना ठाऊक आहे, तिला तळटीप नसली तरी चालेल. प्रवाशांच्या आकड्याला हवी.

संदर्भात ब्लॉगसाठी लेखकाचं नाव (खरं नसेल तर टोपणनाव), लेखाचं शीर्षक, ब्लॉगचं नाव, प्रकाशनाची तारीख, पत्ता आणि तू पाहिल्याची तारीख. विकिपीडियाचं पान रोज बदलू शकतं, म्हणून पानाच्या इतिहासात जाऊन तू वाचलेली आवृत्ती उघड. तिच्या पत्त्यात `oldid=` असतं, तो पत्ता द्यायचा. लेखक म्हणून कोणाचं नाव घालू नकोस, शीर्षकापासून सुरुवात कर. मराठी विश्वकोशाचं उलट आहे, तिथे नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. ते सोडून नुसतं "विश्वकोश" लिहिणं म्हणजे माणसाचं श्रेय खाणं.

नौपाडेकर
पण प्रबंधात विकिपीडिया चालतोच का? आमच्या काळी हाकलून दिलं असतं.

ग्रंथपाल_वाशी
बरेच मार्गदर्शक नको म्हणतात. लेखाखालच्या तळटीपेतलं पुस्तक गाठावं हे बरं. पण पुस्तक न उघडता विकिपीडियावरून त्याचं नाव उचलून टाकायचं नाही, पृष्ठक्रमांक चुकीचा निघाला की तिथेच पकडलं जातं. मुक्ता, तू कळव्याची, ठाणे मराठी ग्रंथ संग्रहालय एका स्टेशनच्या अंतरावर आहे. जाऊन बघ.

कळव्याची_मुक्ता
शनिवारी जाते. एक राहिलंच, इंग्रजी विकिपीडियाचा मी स्वतः केलेला मराठी अनुवाद सॉफ्टवेअरने पकडला नाही. त्याला अवतरण लावायचं का? शब्द तर माझे आहेत.

ग्रंथपाल_वाशी
संदर्भ हवाच, आणि सलग परिच्छेद अनुवादित असेल तर तसं लिहायलाही हवं. अवतरण लावायचं की नाही यावर आमच्या विभागातच दोन मतं आहेत. सरांना विचारून त्यांची पद्धत सगळीकडे एकसारखी पाळ.

ऐरोलीचा_वाटसरू
आर्काइव्हवर बघितलं. माझा लेख जतनच झालेला नाही, पण त्या उचलणाऱ्या साइटची प्रत आहे. आता काय करू?