मदत हवी आहे: चाल-काल आलेखाचे चित्रच नाही, तर कापलेले अंतर कसे काढावे?

नववीची_आई
मुलीच्या सराव प्रश्नसंचाची पीडीएफ प्रत आमच्याकडे आहे, परंतु त्यातील आकृत्या कोणीतरी काढून टाकल्या असून आलेखाच्या जागी रिकामी चौकट तेवढी उरली आहे. प्रश्न असा आहे: ‘विराम अवस्थेतून निघालेली एक मोटार सरळ रस्त्याने जाऊन शेवटी थांबते. तिचा चाल-काल आलेख सोबत दिला आहे. (१) पहिल्या ४ सेकंदांतील त्वरण किती? (२) मोटार किती वेळ एकसमान चालीने धावली? (३) तिने एकूण किती अंतर कापले?’ उत्तरसूचीत पहिल्याचे उत्तर ३ मीटर प्रति सेकंद वर्ग आणि दुसऱ्याचे ६ सेकंद असे दिले आहे. तिसऱ्यापुढे मात्र ‘आलेख पाहा’ एवढेच लिहिले आहे. पर्याय ९६, १०८, १२० आणि १४४ मीटर असे आहेत. चाल-काल आलेखाखालील क्षेत्रफळ म्हणजे अंतर हे ठाऊक आहे, पण चित्राशिवाय एवढ्यावरून उत्तर निघू शकेल काय?

रविवारचा_पाहुणा
यात क्षेत्रफळाचा प्रश्नच येत नाही. रेषेचे शेवटचे टोक उभ्या अक्षावर जिथे येते, तो आकडा म्हणजे अंतर.

गणितवेडा
पाहुणे, आपण अंतर-काल आलेखाविषयी बोलत आहात. येथे शेवटचे टोक शून्यावर येते, कारण मोटार थांबली आहे. म्हणून अंतर शून्य झाले असे आपण म्हणणार का?

ताई, उत्तर निघते. शून्यापासून ४ सेकंदांत ३ च्या त्वरणाने चाल १२ मीटर प्रति सेकंद होते. पुढे ६ सेकंद ती तेवढीच राहते आणि मग ४ सेकंदांत मोटार थांबते. आकृती समलंब चौकोनाची झाली; समांतर बाजू १४ आणि ६, उंची १२. म्हणून २० गुणिले १२ भागिले २, म्हणजेच १२० मीटर.

जुना_शिक्षक
रीत बरोबर आहे, पण थांबायला ४ सेकंद लागले हे आपण कोठून आणले? चढ ४ सेकंदांचा आहे म्हणून उतारही तेवढाच असेल, हे आपण डोळ्यांसमोर सममित आकृती आणून गृहीत धरले आहे.

निश्चित काय आहे ते आधी पाहू. चढाखालील त्रिकोणाचे क्षेत्रफळ २४ आणि सपाट भागाखालील आयताचे ७२, म्हणजे ब्रेक लागेपर्यंत ९६ मीटर झाले. हेही केवळ ‘विराम अवस्थेतून’ या शब्दांमुळे कळते; ते नसते तर रेषा उभ्या अक्षावर शून्याच्या वर सुरू झाली असती आणि सर्वोच्च चालही १२ राहिली नसती. आता ब्रेकचा काळ जितके सेकंद असेल, त्याच्या सहापट मीटर त्यात मिळवावे लागतील. २ सेकंद धरले तर १०८, ४ धरले तर १२० आणि ८ धरले तर १४४. तीनही पर्याय कोणत्या ना कोणत्या आलेखाचे खरे उत्तर ठरतात. ९६ मात्र बाद होतो, कारण त्यासाठी मोटारीला शून्य सेकंदांत थांबावे लागेल; उताराखालचा त्रिकोण विसरणाऱ्यासाठी तो ठेवलेला दिसतो.

गणितवेडा
मान्य आहे, मी घाई केली. तरीही १४४ म्हणजे १२ गुणिले १२. एकूण काळ १२ सेकंद असेल तर ‘चाल गुणिले काळ’ करणाऱ्याला हाच आकडा मिळेल. त्यावरून उत्तर १०८ असावे, असा माझा कयास आहे.

जुना_शिक्षक
कयास चांगला आहे. तरी तो प्रश्न काढणाऱ्याच्या मनाविषयीचा आहे, आलेखाविषयीचा नव्हे.

वाकडचा_बाबा
आमच्याकडे आलेख होता, तरीही उत्तर चुकले. उभ्या अक्षावर ताशी किलोमीटर आणि आडव्यावर मिनिटे होती. मुलाने ६० ला २० ने गुणून १२०० किलोमीटर लिहिले, उत्तर होते २०. ताई, आपल्या प्रश्नातही एकके तपासून पाहाच.

नववीची_आई
येथे त्वरणाचे एककच मीटर आणि सेकंदांत आहे, त्यामुळे तो धोका नसावा. दरम्यान मुलीच्या मैत्रिणीने छापील पानाचे छायाचित्र पाठवले. दुर्दैवाने उजवी कड कापली गेली आहे आणि अक्षांवरचे आकडेही धूसर आहेत. तीन सरळ रेषा मात्र ओळखू येतात, आणि उतरती रेषा चढत्या रेषेपेक्षा स्पष्टपणे अधिक उभी दिसते.

जुना_शिक्षक
मग काम झाले. उतार अधिक उभा म्हणजे मोटार ४ सेकंदांपेक्षा कमी वेळात थांबली. १२० साठी दोन्ही उतार सारखे तीव्र लागले असते आणि १४४ साठी उतरती रेषा अधिक पसरट. म्हणून १०८. मुलीने उत्तरपत्रिकेत २४, ७२ आणि १२ हे तीन तुकडे वेगवेगळे दाखवावेत.

नववीची_आई
मनःपूर्वक आभार. याच संचातील पुढच्या प्रश्नात ‘वक्राकार आलेखावरून पहिल्या ८ सेकंदांतील अंतर चौकटी मोजून काढा’ असे आहे. त्याचेही चित्र नाही, आणि मैत्रिणीकडे ते पान नाही.

जुना_शिक्षक
तेथे माझा इलाज नाही. सुरुवातीची आणि शेवटची चाल कळली, तरी मधला वक्र वर फुगलेला आहे की खाली झुकलेला, यावर अंतर बदलते. छापील पान कोणाकडे असल्यास कृपया येथे चढवावे.